माकडांचा हिशेब

कुडाळ-सावंतवाडीकडच्या गावांतून माकडांवर बोलायला बोलावणं येतं, तेव्हा त्यामागची अपेक्षा मला ठाऊक असते. बाई प्राणिशास्त्रातल्या आहेत, माकडं पळवायचं काहीतरी औषध सांगतील. देवळाच्या सभामंडपात मंडळी जमतात. असं औषध माझ्याकडे नाही हे कळलं की मागचे दोघे-तिघे उठून जातात. उरलेल्यांना मी आधी विचारते: नुकसान कोणी केलं, लाल तोंडाच्यानं की काळ्या तोंडाच्यानं?

‘दोघांनीपण’ असं उत्तर येतं, आणि ते खरंही असतं. पण दोघांची पोटं वेगळी आहेत, त्यामुळे चोरीही वेगळी आहे. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. त्याचं जठर मोठं आणि कप्प्याकप्प्यांचं असतं. पुढच्या कप्प्यांत जिवाणू पाला आंबवतात, जवळजवळ गाईच्या पोटात होतं तसं. म्हणून ज्या जुनाट पानांवर दुसरं जनावर जगणार नाही, त्यांवर तो जगतो. पण पिकलेली गोड फळं पोटभर खाल्ली तर त्याच आंबवण्यानं पोटात आम्ल वाढतं. त्यामुळे त्याचा ओढा कोवळ्याकडे आणि कच्च्याकडे जास्त: चवळीची, पावट्याची पानं आणि शेंगा, आंब्याचा मोहोर, माडावरची कोवळी फळं. तो झाडावर बसतो आणि तिथंच खात राहतो.

लाल तोंडाचं माकड म्हणजे बॉनेट मकाक, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेलं. भारतीय द्वीपकल्पाबाहेर ते कुठंही नाही. त्याचं पोट साधं, पण तोंडात दोन्ही गालांना आतून पिशव्या आहेत. या पिशव्या मानेपर्यंत फुगतात आणि त्यांत एका वेळचं बरंचसं खाणं मावतं. वानराला या पिशव्या नाहीत. हा एवढासा फरक सभेत सांगितला की बायका लगेच मान डोलावतात, कारण परसातलं दृश्य त्यांनी रोज पाहिलेलं असतं. माकड भुईमूग उपटतं, चार शेंगा गालात कोंबतं, पुन्हा उपटतं, आणि आपण काठी घेऊन दारातून बाहेर येईपर्यंत फणसावर जाऊन बसलेलं असतं. मग तिथं निवांतपणे, हाताच्या पाठीनं गाल दाबून एकेक शेंग बाहेर काढून खातं.

चघळणं नंतर, सुरक्षित जागी करायचं असल्यामुळे त्याला शेतात फार वेळ थांबावंच लागत नाही. दोन-तीन मिनिटं पुरतात. म्हणून राखणीला घरात बसलेला माणूस लाल तोंडाच्या माकडापुढे निरुपयोगी ठरतो. तो हाकलायला धावतो तेव्हा काम उरकलेलं असतं, आणि माकडाच्या लेखी ती फेरी यशस्वी झालेली असते.

इथं कोणीतरी हमखास म्हणतं, “बाई, ती खातत कमी, नासवतत जास्त. मुद्दाम करतत.” एका चाव्याची केळी, अर्धवट कुरतडलेले भोपळे, जमिनीवर सांडलेली कोवळी बोंडं पाहिली की माणसाला तसंच वाटणार. पण जंगलातही ती हेच करतात. ताडोबा किंवा पेंचमध्ये वानर ज्या झाडावर चरत असतात, त्याखाली चितळं येऊन उभी राहतात, कारण वरून डहाळ्या आणि फळं सतत पडत असतात. माकड एक चावा घेऊन पाहतं, तुरट लागलं की टाकतं आणि दुसरं घेतं. रानात फळांना तोटा नसताना हे परवडतं, आणि खाली पडलेलं वाया जात नाही. आपल्या बागेत त्याखाली चितळ नाही, आपण उभे असतो. त्यात घाईची भर पडली की हातातलं सुटतंही जास्त. त्यात सूड नाही. शेतकऱ्याचं नुकसान मात्र तेवढंच होतं, हे मी मान्य करते.

मग आम्ही हिशेबाकडे वळतो. चारेक किलोच्या मादीला दिवसाला अंदाजे चारशे कॅलरी लागतात. रानात त्या मिळवायच्या तर दिवसातले कित्येक तास उंबर, करवंदं, कोवळे कोंब, सालीखालचे किडे शोधत हिंडावं लागतं. रानफळांत बी जास्त, गर कमी, वर तुरटपणा. उलट केळ्यात माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून बी घालवली, गोडी वाढवली, साल हातानं निघेल अशी ठेवली. मध्यम केळ्यात शंभरेक कॅलरी, म्हणजे चार केळ्यांत दिवस निघाला. शंभर ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत तर साडेचारशे कॅलरी असतात. शेत म्हणजे माकडाच्या दृष्टीनं एकाच जागी दाटीनं लावलेलं, सोपं, पचायला हलकं अन्न. ते तिथं का येतं याचं उत्तर एवढ्यातच संपतं. खरा प्रश्न असा, की पूर्वी ते एवढं का येत नव्हतं?

एका आजींनी तो नेमका विचारला होता. “पयली ही अशी नाय होती. माणसाक भियत होती.” मी त्यांनाच उलटं विचारलं, “आजी, तेव्हा शेतावर कोण असायचं?” त्यांनी यादीच सांगितली. गुरं राखणारी पोरं, माळ्यावर बसलेला म्हातारा, गोफण, दोन कुत्रे, आणि कापणी होईपर्यंत शेतावर कोणी ना कोणी. आता पोरं शाळेत, जाणते मुंबईत, निम्मी घरं मे महिना आणि गणपतीपुरती उघडणारी. त्या बंद घरांभोवतीचे फणस, पेरू, केळी कोणी काढत नाही. पडीक कुणग्यांत झाडोरा वाढून रानाची हद्द पार पडवीपर्यंत आली आहे. जंगल तुटलं म्हणून माकडं गावात आली, हे वाक्य सभेत टाळ्या घेतं. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण आमच्या भागातल्या अनेक वाड्यांत रान वाढलं आणि माणूस कमी झाला, हे कारण जास्त लागू पडतं. अन्न तेच राहिलं, ते घेताना वाटणारी भीती स्वस्त झाली.

हातातलं हिसकावणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि ती शेतात शिकलेली नसते. घाटरस्त्यालगतच्या एका वाडीत मुलांच्या हातातला खाऊ जायला लागला, तेव्हा गावकऱ्यांना वाटलं नवीन, पिसाळलेली टोळी आली. टोळी जुनीच होती. दीडेक किलोमीटरवर धबधब्यापाशी गाड्या थांबतात आणि पर्यटक बिस्किटं टाकतात. पावसाळ्यात आणि सुट्ट्यांत टोळी तिथं असे. गर्दी ओसरली की वाडीत येई, पण शिकलेलं विसरून येत नसे.

काय शिकते ती? आधी, की माणूस अन्न देतो. बंदीपूरच्या बॉनेट माकडांवर अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली माकडं माणसाकडे पाहून ‘कू’ असा आवाज काढतात आणि हात पुढे करून खाणं मागतात. मागताना माणसाचं लक्ष आपल्याकडे आहे ना, हेही पाहतात. जंगलात हात पसरून मागण्याची त्यांना गरज नसते. ही भाषा आपल्यासाठी घडलेली आहे. पुढची पायरी म्हणजे पिशवीची ओळख. खाणं पिशवीतून निघतं हे कळलं की आत वह्या असल्या तरी पिशवीच ओढली जाते.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. माकडांच्या टोळीत उतरंड असते. वरचढ माकड जवळ आलं की खालच्यानं हातातलं सोडायचं, नाहीतर चावा. माकड अंगावर आल्यावर आपण किंचाळून पुडा टाकतो, तेव्हा आपण या उतरंडीत आपली जागा खालची असल्याचं कबूल करतो. पुढच्या वेळी ते विचारत नाही. लहान मुलं आणि एकट्या बायका यांच्याकडे ते जास्त जातं, कारण अंगानं लहान आणि घाबरणारा कोण, हे त्याला लगेच कळतं. बरं, दर वेळी मिळालंच पाहिजे असंही नाही. पाचात एकदा मिळालं तरी सवय टिकते, उलट अधूनमधून मिळाल्यानं ती जास्त चिवट होते. म्हणून वाडीत नऊ घरांनी खाणं बंद केलं आणि दहाव्यानं शनिवारी चणे टाकले, तर नऊ घरांची मेहनत वाया जाते.

समोर आलंच तर डोळ्याला डोळा भिडवू नका आणि दात दाखवून हसू नका, कारण त्यांच्यात रोखून पाहणं ही धमकी आहे. ते तोंड उघडून, भुवया वर करून तुमच्याकडे बघत असेल तर तुम्हाला तीच धमकी मिळते आहे. पाठ फिरवून पळू नका, रिकामे तळहात दाखवत हळू मागे सरका. चावलंच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. मेलेल्या माकडाला हात लावू नका. दोडामार्गात 2016 मध्ये माकडताप पसरला होता. तो गोचिडांमार्फत येतो आणि गोचीड मेलेलं अंग सोडून नवं अंग शोधतात. वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा.

“धरून लांब नेऊन सोडा” ही सूचना प्रत्येक सभेत येते. नेलेली माकडं आपली सवय सोबत नेतात, म्हणजे पुढच्या गावाला शिकलेले चोर भेट जातात. इकडे केळी आणि फणस तसेच राहतात, तेव्हा शेजारची टोळी रिकाम्या जागेत सरकते. नसबंदी हिमाचल प्रदेशात बरीच वर्षं चालू आहे. तिनं पुढची पिलं कमी होतात, पण नसबंदी झालेली मादी पुढची अनेक वर्षं त्याच भुकेनं शेतात येते. यंदाच्या चवळीला तिचा उपयोग नाही. आणि आयतं खाणं चालू असेल तर उरलेल्या माद्या लवकर वितात. दोन वर्षांचं अंतर वर्षावर येऊ शकतं. फटाके, बुजगावणं, वाघाचं चित्र यांची भीती काही दिवसांत मरते, कारण त्यांच्यामागून कधीच काही येत नाही.

उपयोगी पडतं ते कंटाळवाणं आहे. शेत आणि रान यांच्यामध्ये दहा-पंधरा मीटर मोकळं ठेवायचं, म्हणजे माकडाला जमिनीवरून, उघड्यावरून यावं लागतं. पहारा शेताच्या रानाकडच्या काठावर हवा, घराकडच्या नव्हे. हाकलायचं ते पहिली शेंग गालात जाण्याआधी, म्हणजे शेंग भरण्याच्या त्या दोन-तीन आठवड्यांत वाडीनं पाळ्या लावायच्या. रानालगतच्या पट्ट्यात हळद, सुरण, मिरची घ्यायची. उपटून पाहतील, पण पोटासाठी येणार नाहीत. माडाला उंदरांसाठी पत्रा मारतात तसा माकडासाठी मारून फायदा नाही, कारण ते झावळीवरून झावळीवर येतं. उंच माडांसाठी मला आजही समाधानकारक उपाय दिसत नाही, आणि नुकसानभरपाईचा अर्ज भरण्यावाचून तिथं दुसरा सल्ला मी देत नाही.

हा अंक वाचणाऱ्यांत गावी बंद घर असलेले पुष्कळजण असतील. शेजाऱ्याला फोन करून सांगा, आमच्या आवारातले फणस, पेरू, केळी तुम्ही उतरवा आणि तुम्हीच ठेवा. आणि दिवाळीत घाट उतरताना गाडीची काच खाली करून बिस्किटाचा पुडा बाहेर काढू नका, मागे बसलेल्या मुलांनी कितीही हट्ट केला तरी.