फुकटचा मिस्ड कॉल

पुतण्याच्या कॉलेजात हॅकेथॉन निघाली. शनिवार-रविवार जागून यंत्र बनवायचे आणि रविवारी संध्याकाळी चालवून दाखवायचे. तिघांनी अख्ख्या परभणी जिल्ह्याची शेती सुधारायला घेतली! मी म्हणालो, "पोरांनो, दोन दिवसांत आमच्या बँकेत पासबुकही भरून मिळत नाही. दादाला रात्री बॅटरी घेऊन लाइट आली का बघायला मळ्यात जावे लागते, तेवढे वाचवा."

लाइट आली की मोबाइलचा चार्जर जागा होतो. ते ओळखून डबीतले जीएसएम मॉड्यूल दादाला मिस्ड कॉल देणार. पण त्याचा दिवा सेकंदा-सेकंदाला लुकलुकत राहिला, म्हणजे नेटवर्क नाही. सिम जिओचे, मॉड्यूल टूजीचे. आणि जिओकडे टूजी नाहीच. माझे एअरटेलचे सिम घातल्यावर दिवा तीन सेकंदांवर स्थिरावला.

दादाने विचारले, "अरे, तिन्ही फेज आल्या हे तुझ्या एका चार्जरला काय कळतंय? दोन फेजवर मोटार जळते की!" रात्रीत प्रत्येक फेजला एक असे तीन चार्जर लागले. तिन्ही जागे झाले तरच कॉल.

रविवारी परीक्षकांपुढे तिन्ही बटणे दाबली. दादाचा फोन वाजला. टाळ्या पडल्या. आणि सवयीने दादाने तो उचलला!