बाकीचे पत्र

थकलेली रक्कम मागण्यात वावगे काही नाही. परंतु दवाखान्याने ती मागावयाची असते तेव्हा समोरची व्यक्ती ऋणको होण्याआधी रुग्ण असते. आठवणीचा एखादा कठोर शब्द तिला बँकेपासून नव्हे, तर उपचारापासून दूर नेऊ शकतो.

तालुक्याच्या गावातील एका लहान दंत दवाखान्यात असाच प्रसंग आला. एका वयस्क विधवा बाईंच्या दाढेचे रूट कॅनल झाले होते. त्याचे ४,००० आणि कायमच्या कॅपचे ४,५०० असे एकूण ८,५०० रुपये ठरले होते. पैकी ५,००० रुपये दोन हप्त्यांत जमा झाले. दाढेवर तात्पुरते सिमेंट भरून मापही घेतले गेले. लॅबमधून कॅप आली, पण बाई आल्याच नाहीत. दोन महिने लोटले. हिशेब पाहणाऱ्या मदतनीस ताईंनी संदेश लिहून ठेवला : ‘आपल्याकडे रु. ३,५०० थकबाकी आहे. त्वरित भरावी, अन्यथा पुढील उपचार होणार नाहीत.’

डॉक्टरांनी तो थांबवला आणि आधी हिशेब पडताळण्यास सांगितले. रुग्णाचे कार्ड, पावतीपुस्तक आणि बँकेचा उतारा ही तिन्ही समोरासमोर ठेवल्यावर उताऱ्यात यूपीआयने आलेले १,००० रुपये आढळले. ते बाईंच्या भाच्याच्या नावे आले होते. दवाखान्यात त्या नावाचा रुग्ण नसल्याने ती रक्कम कोणाच्याच खाती चढली नव्हती. लहान दवाखान्यांत ही चूक वरचेवर घडते. पैसे एकाचे, फोन दुसऱ्याचा. खरी बाकी २,५०० रुपयेच होती. भरलेले पैसे पुन्हा मागितले गेले असते, तर त्या बाईंना किती लागले असते!

दुसरा प्रश्न पत्र पोहोचवण्याचा होता. कार्डावरील मोबाइल क्रमांक मुलाचा होता. संदेश गेला असता तर तो प्रथम मुलाने आणि कदाचित सुनेने वाचला असता. आईने दाढेचा खर्च घरी सांगितला होता की नाही, हे दवाखान्याला ठाऊक नव्हते. म्हणून बंद पाकीट बाईंच्याच नावे धाडले. पाकिटावर ‘थकबाकी’ नव्हते, ‘उपचार’ही नव्हते. आत डॉक्टरांच्या हस्ताक्षरात एवढाच मजकूर होता :

‘सादर नमस्कार. आपल्या दाढेची कॅप तयार आहे. तात्पुरते सिमेंट फार काळ टिकत नाही आणि रूट कॅनल झालेली दाढ चावताना तडकण्याचा संभव असतो. म्हणून सवडीने, पण लवकर यावे. आपल्याकडून ६,००० रुपये मिळाले आहेत. आमच्या नोंदीप्रमाणे २,५०० रुपये बाकी दिसतात. नोंदीत काही चुकले असल्यास अवश्य सांगावे. एकरकमी देणे अडचणीचे असेल तर आपणांस जमेल तसे द्यावे. कॅप बसवण्यासाठी रक्कम आणण्याची अट नाही. हिशेबाबाबत दुपारी दोन ते चार या वेळेत माझ्याशीच बोलावे.’

या पत्रात दाढ आधी आहे आणि पैसे नंतर. मिळालेली रक्कम बाकीच्या आधी सांगितली आहे. ‘आपण थकवले’ असे न म्हणता ‘नोंदीप्रमाणे दिसते’ म्हटले आहे. त्यामुळे चूक दवाखान्याचीही असू शकते, हे मान्य होते. तरीही आकडा मोघम ठेवलेला नाही. संकोचापोटी रक्कम न लिहिली तर वाचणाऱ्याची धास्ती वाढतेच.

चौथ्या दिवशी बाई आल्या. पैशांची तजवीज झाली नव्हती, म्हणून तोंड दाखवण्याचा संकोच वाटत होता, असे त्या म्हणाल्या. तात्पुरत्या सिमेंटचा एक कोपरा निघालेला होता, पण दाढ शाबूत होती. त्याच दिवशी कॅप बसली. त्यांनी ५०० रुपये दिले आणि पुढचे चार महिने दरमहा तेवढेच दिले. प्रत्येक वेळी पावतीवर उरलेली रक्कम लिहिली गेली. त्यामुळे दुसऱ्या पत्राची गरज पडली नाही.

प्रत्येक पत्राला असे फळ येईलच असे नाही. उत्तर न आल्यास महिनाभराने एक फोन करावा, तोही रुग्णालाच. घरातील अन्य कोणी उचलल्यास केवळ ‘दवाखान्यातून फोन होता’ एवढेच सांगावे. घाईचे कारण नसते. केलेल्या कामाचा मोबदला मागण्यास कायद्याने साधारणतः तीन वर्षांची मुदत असते. आणि देणे खरोखरच अशक्य आहे असे कळले, तर उरलेली रक्कम ‘सवलत’ म्हणून नोंदवून खाते बंद करावे व रुग्णाला तसे कळवावे. मनातल्या मनात सोडलेली बाकी वहीत तशीच राहिली, तर वर्षभराने नवा मदतनीस तिचीच मागणी करतो आणि जपलेला शब्द वाया जातो.