खांद्याचा तक्ता : काही टिपणे

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाची मुलं संध्याकाळी भोसरीला माझ्याकडे येतात ती पुस्तक घेऊन नव्हे, मोबाइल घेऊन. ग्रंथालयातली चौरसियाची संदर्भ प्रत घरी नेता येत नाही, म्हणून पानांचे फोटो. त्या फोटोंवरून प्रत्येकाला एक तक्ता करायचा असतो: स्नायू, ओरिजिन, इन्सर्शन, अ‍ॅक्शन. म्हणजे स्नायू कुठून निघतो, कुठे जाऊन बसतो आणि आकसला की काय हलवतो. तोंडी परीक्षेत हेच विचारतात, आणि पुढे चाकणहून खांदा धरून आलेल्या कामगाराला तपासतानाही हेच लागतं.

*

फोटो बिघडतो तो बहुतेक शिवणीपाशी. जाड पुस्तक पूर्ण उघडत नाही, पान आत वळतं आणि डाव्या पानाच्या उजवीकडची अक्षरं बारीक होत होत खड्ड्यात जातात. तक्त्यात अ‍ॅक्शनचा रकाना शेवटी असतो, त्यामुळे डाव्या पानावर हरवतं तेच. दोन्ही पानं एका फोटोत घेण्याचा मोह टाळायचा. एकेक पान, शिवणीजवळ पट्टी दाबून, मोबाइल पानाला समांतर. ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर असली तर गुळगुळीत कागदावर पांढरा पट्टा उमटतो, खिडकीशेजारी बसलेलं बरं. पानाचा आकडा फोटोत यायलाच हवा, नाहीतर महिन्याभराने तो फोटो कुठल्या पुस्तकाचा हेही कळत नाही.

*

स्वतःच्या अभ्यासासाठी काही पानं टिपणं वेगळं आणि अख्खा खंड पीडीएफ करून वर्गाच्या ग्रुपवर टाकणं वेगळं. पहिल्याला 1957च्या कॉपीराइट कायद्यात जागा आहे. दुसऱ्याबद्दल मुलं मला विचारतच नाहीत. बहुधा उत्तर माहीत असतं.

*

फोटोतून मजकूर काढायला एकजण लॅपटॉपवर टेसरॅक्ट वापरतो. आज्ञा साधी आहे:

```
tesseract teres.jpg teres -l eng --psm 6
```

शेवटचा 6 म्हणजे सगळं पान एकसलग ठोकळा समजून ओळीने वाच. परिच्छेदासाठी हे चांगलं आहे. रेघा नसलेल्या तक्त्यावर मात्र ते चारही रकाने आडवे ओलांडत जातं. टेरेस मायनर आणि टेरेस मेजर या शेजारच्या दोन स्नायूंचं हे बघा:

```
Teres minor Upper 2/3 of lateral Lowest impression on Lateral rotation
border, dorsal surface greater tubercle
Teres major Lower 1/3 of lateral Medial lip of Medial rotation,
border, inferior angle bicipital groove adduction
```

एकही अक्षर चुकलेलं नाही, पण रकाने मोडले. दुसऱ्या ओळीतलं `greater tubercle` कुणाचं, हे यंत्र सांगत नाही. ते माणसाने जोडायचं, आणि घाईत ते एक घर खाली जातं. मग तक्त्यात लिहिलं जातं, `Medial lip of greater tubercle`. अशी जागाच शरीरात नाही. ओठ असतात ते बायसिपिटल ग्रूव्हला, म्हणजे दंडाच्या हाडावर वरच्या भागात असलेल्या उभ्या खाचेला. ट्युबरकल म्हणजे उंचवटा, त्याला ओठ कुठले? अशी चूक दिसते तरी. ज्याला हाडं पाठ आहेत तो तिथेच थांबतो.

*

दोन्ही इन्सर्शन अखंड राहून नुसती अदलाबदल झाली तर खरी पंचाईत. मायनरसमोर खाचेचा आतला ओठ, मेजरसमोर मोठा उंचवटा. वाचायला दोन्ही वाक्यं सरळ. स्पेलिंग तपासून उपयोग नाही. इथे अ‍ॅक्शनचा रकाना कामाला येतो.

दोन्ही स्नायू पाठीमागून, खांद्याच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवरून निघतात: मायनर वरच्या दोन तृतीयांश भागातून, मेजर खालच्या तिसऱ्या हिश्शातून आणि टोकापासून. इथून वाटा फुटतात. मायनर सांध्याच्या मागूनच जातो आणि दंडाच्या हाडाच्या मोठ्या उंचवट्यावर, मागच्या अंगाला, सगळ्यात खालच्या खुणेवर बसतो. तो आकसला की हाडाचा मागचा भाग मागे ओढला जातो आणि हात बाहेर वळतो. मेजर काखेखालून पुढे येतो आणि हाडाच्या पुढच्या बाजूला, त्या खाचेच्या आतल्या ओठावर बसतो. तो ओढला की हात आत वळतो. पाठीवरून निघालेला स्नायू हात आत वळवतो, हे ऐकायला उलटं वाटतं. पण तो पुढून बसलाय हे कळलं की प्रश्नच उरत नाही.

हे समजावायला माझ्याकडे प्लास्टिकचं पातं, दंडाचं हाड आणि परकराची नाडी एवढंच आहे. नाडी मागच्या खुणेवर चिकटपट्टीने लावून पात्याच्या कडेकडे ओढली की हाड बाहेर फिरतं. तीच नाडी खालून पुढे घेऊन ओठावर लावली की आत फिरतं. एका मुलीने नाडी ओढली, हाडाकडे बघितलं आणि न बोलता वहीतल्या दोन चौकटींमध्ये बाण काढले. "मॅडम, अदलाबदल झालीय." हो, झाली होती.

*

यावरून मी मुलांना क्रम उलटा लावायला सांगते. फोटोतून पहिले तीन रकाने भरायचे, अ‍ॅक्शन झाकायची. मग ओरिजिन आणि इन्सर्शन यांमध्ये मनातल्या मनात दोरी ताणायची, ती सांध्याच्या पुढून जाते की मागून, वरून की खालून, हे बघायचं आणि हालचाल स्वतः लिहायची. मग झाकण काढायचं. जुळलं तर ओळ पक्की. नाही जुळलं तर तीन शक्यता: फोटो चुकीचा वाचलाय, ओळ सरकलीय किंवा आपल्या डोक्यातलं हाड उलटं आहे. तिसरी शक्यता मुलांना शेवटी सुचते.

*

एक्सेलचा खोडसाळपणा. ओरिजिनमधला अपूर्णांक वेगळ्या घरात ठेवू म्हणून कुणी `2/3` टाइप केलं की ते `02-Mar` होतं. मज्जातंतूंच्या मुळांसाठी `5-6` लिहिलं की `05-Jun`. घर आधी Text करून घ्यावं, नाहीतर सरळ अक्षरांत `two-thirds` लिहावं. खांद्याच्या तक्त्यात मार्च महिना दिसला तर समजावं की तिथे अपूर्णांक होता.

*

पान उलटताना वाक्य तुटतं, हे वेगळं दुखणं. बायसेप्सची ओळ बऱ्याच तक्त्यांत कोपर वाकवतो एवढ्यावर थांबलेली असते, कारण पुढचं पुढच्या पानावर होतं आणि त्याचा फोटोच नव्हता. राहून गेलेलं काम म्हणजे सुपिनेशन, तळहात वर वळवणं. दोरीची परीक्षा इथेही पकडते. बायसेप्स रेडियस या हाताच्या हाडाच्या आतल्या अंगाला, एका उंचवट्यावर बसतो. तळहात खाली वळवला की तो उंचवटा मागे फिरतो आणि कंडरा हाडाभोवती गुंडाळली जाते. स्नायू आकसला की ती उलगडते, हाड गिरकी घेतं, तळहात वर येतो. नुसतं वाकवणं लिहिलं तर ती गुंडाळी कशासाठी?

चाकणच्या जुळणीच्या लाइनवर उजव्या हाताने साधा स्क्रू आवळणारा माणूस हेच करत असतो. साध्या आट्यांचा स्क्रू उजवीकडे फिरवून आवळतात, आणि उजव्या हाताला उजवीकडे फिरवणं म्हणजे सुपिनेशन. कोपर काटकोनात असलं की बायसेप्सचा जोर सर्वांत जास्त लागतो. हात सरळ ताणून वर आवळायचं असेल तर बायसेप्स फारसा कामी येत नाही, भार सुपिनेटर नावाच्या लहान स्नायूवर पडतो. त्यामुळे असा कामगार दंड दुखतो म्हणाला की मी आधी विचारते, स्क्रू कुठल्या उंचीवर आहे. पिस्तुलासारखं यंत्र असेल तर गोष्ट वेगळी: वळवायचं काम मोटर करते, हाताला शेवटचा झटका तेवढा सोसावा लागतो.

*

तक्त्याची मर्यादा. ओरिजिन स्थिर आणि इन्सर्शन हलणारं, हे गृहीत धरून तो लिहिलेला असतो. चाकणच्या चौकात ट्रकचा ड्रायव्हर वरचा दांडा धरून केबिनमध्ये चढतो तेव्हा हात जागचा हलत नाही, धड वर जातं. लॅटिसिमस डॉर्साय तोच, पण हललं ते ओरिजिन. मुलं विचारतात, मग तक्ता बदलायचा का? नाही. शेऱ्याच्या रकान्यात 'हात स्थिर असेल तर धड वर' एवढं लिहायचं.

*

दोन पुस्तकांचे फोटो एकाच तक्त्यात मिसळू नयेत. हात बाजूला उचलताना पहिले पंधरा अंश सुप्रास्पायनेटस आणि मग डेल्टॉइड, असं जुन्या शिकवणीत आहे. स्नायूंतली विद्युत हालचाल मोजल्यावर दोघेही सुरुवातीपासून काम करताना दिसले. दोन्ही मतं पुस्तकांत सापडतात. म्हणून पुस्तक, आवृत्ती आणि पान हा रकाना हवाच. परीक्षेत परीक्षकाचं पुस्तक चालतं, ही गोष्ट निराळी.

*

ग्रेच्या शरीररचनेच्या पुस्तकाची चित्रं काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर हा आपल्याकडचाच म्हणायचा. पुस्तक 1858 साली लंडनला निघालं आणि त्याच वर्षी तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. पुढे साताऱ्यालाही सिव्हिल सर्जन होता. त्याने नावं रेघ ओढून बाजूला न लिहिता स्नायूवरच, त्याच्या तंतूंच्या दिशेने लिहिली. डोळ्याला हे फार सोयीचं, कारण नावासोबत ओढीची दिशाही कळते. टेसरॅक्टला मात्र अशी वाकडी-तिरपी अक्षरं वाचता येत नाहीत, कचरा हाती येतो. चित्र असेल तर फोटो तसाच ठेवावा आणि वहीत हाताने काढावं.

*

आता पुढचा तक्ता, हाताच्या मागच्या बाजूचा. तिथे चार स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडापासून, लॅटरल एपिकाँडाइलवरून एकत्र निघतात, आणि पुस्तकात चौघांपुढे एकच मोठी चौकट असते. एक्सेलमध्येही मुलं ती चौकट तशीच जोडून ठेवतात. मग फिल्टर लावून लॅटरल एपिकाँडाइल शोधलं की एकच ओळ हाती लागते, तीन गायब. जोडलेलं घर सोडवून ओरिजिन चारही ओळींत पुन्हा लिहावं. टेनिस एल्बो म्हणून येणाऱ्या, रॅकेट कधी न धरलेल्या माणसांत बहुतेकदा दुखतो तो एक्स्टेन्सर कार्पाय रेडियालिस ब्रेव्हिस, आणि या गायब तिघांत तोही असू शकतो. त्याचा लांब जोडीदार लाँगस मात्र त्या चौकटीतला नाही. तो थोडा वरून, हाडाच्या कडेवरून निघतो आणि दुसऱ्या बोटाच्या मेटाकार्पलवर बसतो, ब्रेव्हिस तिसऱ्याच्या. त्याची ओळ वेगळी भरायची.