१.३३ कुठून आला?

बँकेच्या कर्जप्रस्तावाच्या पहिल्याच पानावर एक सारांश असतो आणि त्यात तीन आकडे ठळक छापलेले असतात: करंट रेशो, डेट-इक्विटी रेशो आणि इंटरेस्ट कव्हर. मंजुरी देणाऱ्या समितीतल्या बऱ्याच जणांचं वाचन त्या पानावरच संपतं. प्रस्ताव माझ्याकडे फेरतपासणीला येतो, तेव्हा मी ते पान उलटं करून ठेवतो आणि आधी ताळेबंद आणि त्याच्या मागच्या टिपा वाचतो. सारांशातले आकडे मनात बसले, की डोळे नकळत तेच शोधायला लागतात.

अशाच एका प्रस्तावाची हकिगत सांगतो. प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारी एक खासगी मर्यादित कंपनी. नाव सांगत नाही, आणि वाचायला सोपं जावं म्हणून रकमा सुटसुटीत केल्या आहेत. सगळ्या रकमा लाखांत आहेत. सारांशात लिहिलं होतं: करंट रेशो १.३३, डेट-इक्विटी ०.८०, इंटरेस्ट कव्हर २.१९.

बरोबर १.३३ म्हटलं की मी सावध होतो. या आकड्याचा उगम १९७५ च्या टंडन समितीच्या अहवालात आहे. चालू मालमत्तेचा निदान पाव हिस्सा दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा राहावा, असं त्या समितीच्या दुसऱ्या पद्धतीत होतं. मग शंभराच्या मालमत्तेसमोर पंचाहत्तरची चालू देणी उरतात आणि भागाकार १.३३ येतो. त्या समितीची चौकट केव्हाच सैल झाली, तरी बँकांच्या मनात हा आकडा घर करून आहे. कर्जदाराच्या हिशेबनिसालाही तो तोंडपाठ असतो.

ताळेबंदात चालू मालमत्ता होती १२००: माल ४८०, येणी ६००, रोख २० आणि दिलेल्या आगाऊ रकमा १००. चालू देणी मात्र ९०० नव्हती, १०२० होती. कॅश क्रेडिट ५००, मालपुरवठादारांचे ३३०, किरकोळ ७० आणि मुदत कर्जाचे येत्या बारा महिन्यांत फेडायचे हप्ते १२०. सारांश करणाऱ्याने हे हप्ते उचलून मुदत कर्जात टाकले होते. खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरवताना हप्ते बाजूला ठेवायची बँकांची जुनी रीत आहे, आणि त्या हिशेबापुरती ती ठीकही आहे. पण कंपनी वर्षभरातली देणी वर्षभरात भागवू शकेल का, हा प्रश्न असेल तर हप्ता हे देणंच आहे. २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित परिशिष्ट तीननुसार हे हप्ते अल्पमुदतीच्या कर्जांमध्ये दाखवावे लागतात, त्यामुळे ते शोधायला टिपेतली एक ओळ पुरते. हप्ते परत जागेवर ठेवले की करंट रेशो १.१८ होतो.

मग वरची बाजू. त्याच सुधारणेमुळे येण्यांचं वयही टिपेत छापावं लागतं. 'एक ते दोन वर्षे' या रकान्यात १३० पडलेले होते. आगाऊ रकमांपैकी ६० भगिनी कंपनीला दिलेले होते. 'संबंधित पक्षांशी व्यवहार' या टिपेत ते सापडले, आणि मागल्या वर्षीही तेवढेच होते. वर्षभरात न हललेला पैसा मी चालू धरत नाही. याबाबतीत मी कडक आहे असं सहकारी म्हणतात. त्यांच्यातले काही जण वर्षावरची येणीही निम्मी धरतात. माझ्या हिशेबाने १०१० भागिले १०२०, म्हणजे एकाच्या किंचित खाली.

डेट-इक्विटीत गंमत अधिक होती. सारांशात वर मुदत कर्ज ६०० आणि खाली ७५०. हे ७५० कसे झाले? शेअर भांडवल १००, राखीव निधी ५०० आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांची विनातारण कर्जं १५०. राखीव निधीची टीप उघडली, तर त्यातले २०० जमिनीच्या पुनर्मूल्यनाचे. जमिनीची किंमत कागदावर वाढवली की राखीव निधी वाढतो; कंपनीत एक रुपयाही येत नाही. ते वगळायलाच हवेत.

विनातारण कर्जाचा प्रश्न एवढा सरळ नाही. प्रवर्तकांनी बँकेचं कर्ज फिटेपर्यंत ही रक्कम काढणार नाही असं लेखी दिलं असेल, तर ती भांडवलासारखी धरायची पद्धत आहे आणि मला ती मान्य आहे. इथे तसं हमीपत्र फाइलला होतंही. पण रोखप्रवाह पत्रकात संचालकांच्या कर्जाची ६० परतफेड दिसत होती: मागल्या वर्षीचे २१०, यंदा १५०. हमीपत्रावरची तारीख त्याआधीची. जो पैसा हमी देऊनही बाहेर जातो, त्याला भांडवल म्हणायला माझी लेखणी धजत नाही. तो कर्जात टाकला की वर ७५०, खाली ४००, म्हणजे १.८८. हमीपत्र खरं मानलं, तरी ६०० भागिले ५५०, म्हणजे १.०९, ०.८० कुठेच नाही. शिवाय या गुणोत्तरात कॅश क्रेडिट आणि पुरवठादार येतच नाहीत, म्हणून मी शेजारी आणखी एक ओळ लिहितो: बाहेरची सगळी देणी १६५०, स्वतःचे ४००. चारपटीहून जास्त.

इंटरेस्ट कव्हर सगळ्यात निसरडं. परिशिष्ट तीननुसार टिपांमध्ये द्यायच्या अकरा गुणोत्तरांत ते नाही, त्यामुळे ज्याला जशी सोयीची तशी त्याची व्याख्या. इथे करपूर्व नफा ६०, व्याज १३० आणि घसारा ९५ अशी २८५ ची बेरीज घेऊन तिला १३० ने भागलं होतं. बेरीज चोख आहे. पण इतर उत्पन्नात भूखंड विकल्याचा ४५ नफा होता, आणि भूखंड दर वर्षी विकता येत नाही.

व्याजाकडे माझं लक्ष वेगळ्याच कारणाने गेलं. दोन्ही वर्षअखेरींना एकूण कर्ज साधारण १२५० होतं आणि मंजुरीपत्रांवरचे दर बाराच्या आसपास. मग व्याज दीडशेच्या घरात हवं. दाखवलं होतं १३०. उरलेलं गेलं कुठे? ते बांधकाम चालू असलेल्या नव्या शेडच्या खर्चात मिळवलेलं होतं, २४. लेखा मानकाप्रमाणे यात चूक काही नाही. बँकेला ते पैसे रोखीनेच द्यावे लागले, एवढंच. व्याज धरलं १५४, उत्पन्नातून भूखंडाचा नफा काढला, तर गुणोत्तर १.५६ होतं. घसाराही वजा केला, तर ०.९४. माझ्या मते या धंद्यात घसारा वजा करायलाच हवा, कारण साचे झिजतात आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे घ्यावे लागतात.

सारांशातला एकही आकडा खोटा नव्हता, हे इथे मुद्दाम नोंदवतो. प्रत्येक रक्कम ताळेबंदातलीच होती. फक्त ती भागाकाराच्या कोणत्या बाजूला बसवायची, एवढंच ठरवलेलं होतं. माझ्या टिपणाला मात्र एक मर्यादा होती. ताळेबंद ३१ मार्चचा. त्या आठवड्यात येणी वसूल करून पुरवठादारांना चुकती केली, की दोन्ही बाजूंनी सारखीच रक्कम कमी होते, आणि एकाच्या वर असलेला करंट रेशो आपोआप चढतो. म्हणून मी बँकेला दिलेली तिमाही मालपत्रकं मागवली. ती पुस्तकांशी जुळतात की नाही, हेही आता टिपेत सांगावं लागतं. डिसेंबरच्या पत्रकात माल पुस्तकांपेक्षा ७० ने जास्त होता आणि कारणाच्या रकान्यात 'अंतिम मूल्यांकनातील फरक' एवढंच लिहिलेलं होतं.

समितीने प्रस्ताव फेटाळला नाही. कॅश क्रेडिटची वाढीव मर्यादा थांबवली, भगिनी कंपनीकडचे ६० आधी परत आणायला सांगितले आणि संचालकांचे १५० शेअर भांडवलात बदलून घ्यायची अट घातली. पहिल्या दोन गोष्टी कंपनीने मुकाट्याने मानल्या. तिसऱ्यावर मात्र बरीच पत्रापत्री झाली.