साडेसहा नव्हे, साडेचार

तवांगच्या पोस्टिंगमधली ही गोष्ट आहे. मी तेव्हा कॅप्टन होतो आणि पलटणीचा ॲडज्युटंट. साल आणि पलटण सांगत नाही, ती सवयच लागली आहे. सेलाचा बोगदा तेव्हा झालेला नव्हता. खाली तेजपूरकडे जायचं तर जवळपास १३,७०० फुटांवरची सेला खिंड चढून ओलांडायची, आणि तीही दुपारी ढग उतरायच्या आत. त्यामुळे रजेवर जाणाऱ्यांचा कन्व्हॉय पहाटेच सुटायचा. तो चुकला की पुढचा कधी मिळेल ते बर्फ ठरवणार. बहुतेकांची गुवाहाटीहून रेल्वेची तिकिटं काढलेली असत, आणि रजेचे दिवस तर चालूच झालेले असत.

मार्चअखेर होती. सत्तावीस जण रजेवर निघाले होते, चार चौक्यांवरून. संध्याकाळी मी संदेश पाठवला : रजा पार्टीने उद्या ०६३० वाजता तिठ्यावर जमावं. रात्री साडेदहाला एमटीचे सुभेदार साहेब ऑफिसात आले. थंडीत डिझेलच्या गाड्या लवकर सुरू होत नाहीत, म्हणून ड्रायव्हरांना कधी उठवायचं ते विचारायला. ते म्हणाले, "साहब, पाँच बजे निकलना है तो साढ़े तीन बजे जगाता हूँ."

पाच? मी हुकूम काढून पाहिला. गाड्या ०५०० ला सुटणार होत्या, जमायचं होतं ०४३० ला. मागच्या आठवड्यात खिंडीत बर्फ काढायचं काम चालू असल्यामुळे कन्व्हॉय सातला सुटला होता. क्लार्कला मीच म्हणालो होतो, "मागचाच संदेश घे, तारीख बदल." त्याने तारीख बदलली. वेळ तशीच राहिली आणि मी खाली सही केली.

चुकीची वेळ दोन प्रकारची असते. खरी वेळ सांगितलेल्या वेळेनंतरची असेल तर माणसं थंडीत दोन तास कुडकुडतात, शिव्या देतात, एवढंच. खरी वेळ आधीची असेल तर मात्र माणसं झोपेत असताना गाडी जाते. माझी चूक दुसऱ्या जातीची होती.

मी कागद ओढला आणि लिहिलं : "अत्यंत तातडीचे. मागील संदेश रद्द. रजा पार्टीने ताबडतोब तयार होऊन ०४३० ला तिठ्यावर यावे." त्यावर सर्वांत वरची, फ्लॅशची प्राथमिकता टाकली. सिग्नलच्या हवालदाराने तो वाचला आणि पाठवला नाही. "साहब, यह रात में चौकी पे जाएगा तो कंपनी कमांडर पहले स्टँड-टू कराएँगे, फिर पूछेंगे क्या हुआ."

त्याचं बरोबर होतं. सीमेवरच्या चौकीत रात्री अकराला असा संदेश आला की पहिला विचार शत्रूचा येतो, दुसरा दरड कोसळल्याचा. "रद्द" म्हटलं की कन्व्हॉयच रद्द झाला असंही कुणीतरी ऐकणारच. आणि वेळ दोन तास अलीकडे का आली याचं कारण दिलं नाही, तर ते कारण प्रत्येक बंकरमध्ये वेगळं तयार होणार.

दुसरा कागद घेण्याआधी मी नकाशाकडे पाहिलं. तीन चौक्यांहून तिठा अर्ध्या-पाऊण तासावर. चौथी, सर्वांत वरची, पायी दोन तासांवर. जुन्या वेळेप्रमाणे तिथले सहा जण ०४३० ला निघणार होते. पूर्वेला सूर्य लवकर येतो, थोड्याच वेळात उजाडलं असतं. नवी वेळ पाळायची तर त्यांना ०२३० ला निघावं लागणार, मिट्ट काळोखात, रात्री गोठलेल्या वाटेवरून, पाठीवर सामान घेऊन. माझी चूक दुरुस्त करण्याच्या घाईत मी सहा माणसांना त्या वाटेवर ढकलणार होतो. कुणाचा पाय घसरला असता तर संदेश मात्र अगदी बरोबर ठरला असता.

म्हणून आधी सीओंना उठवलं. माझ्यामुळे वेळ चुकीची गेली आहे, हे एका वाक्यात सांगितलं. क्लार्कचं नाव तोंडावर आलं होतं, ते गिळलं. सीओंनी कसं झालं ते विचारलं नाही. "किती जणांपर्यंत गेलंय?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "वरच्यांना रात्री चालवू नकोस. एक हलकी गाडी मागे ठेव. कन्व्हॉयचा मुक्काम खिंडीपलीकडे आहे, तिथे गाठतील. मी पुढे कळवतो."

मग दुसरा संदेश लिहिला, साध्या प्राथमिकतेचा. हवालदाराला म्हटलं, तो हातात ठेव आणि प्रत्येक चौकीला फोनवर वाचून दाखव. वरच्या तीनांना गेलेला मजकूर साधारण असा होता : "माझ्या आजच्या रजा पार्टीच्या संदेशात जमण्याची वेळ ०६३० ऐवजी ०४३० वाचावी. जागा आणि सामान तेच. वेळ लिहिताना माझी चूक झाली. रस्ता व खिंड ठीक आहे." चौथ्या चौकीला वेगळा : "कन्व्हॉयची वेळ बदलली असली तरी तुमची पार्टी आधी कळवल्याप्रमाणेच ०४३० ला निघेल. रात्री हलू नये. तिठ्यावर वेगळी गाडी ०६३० ला थांबलेली असेल."

यात जुना आकडा मुद्दाम ठेवला होता. नुसती नवी वेळ पाठवली की ऐकणाऱ्याला वाटतं, हा दुसराच कुठला तरी कार्यक्रम असेल. जुना आणि नवा शेजारी ठेवले की कशाच्या जागी काय, हे कळतं. "माझी चूक" हे शब्दही नम्रतेसाठी नव्हते. त्यामुळे शत्रू आणि दरड दोन्ही गोष्टी निकालात निघत होत्या, आणि सकाळी तिठ्यावर क्लार्कला कुणी विचारणार नव्हतं.

वायरलेसवर बोलायला शिकवतात तेव्हा पहिल्याच तासाला सांगतात की बोलणं पुन्हा सांगायचं असेल तर "रिपीट" म्हणू नका, "आय से अगेन" म्हणा. "रिपीट" हा तोफखान्याचा शब्द, तोच मारा पुन्हा करा असा त्याचा अर्थ. कॅडेट असताना आम्ही त्यावर हसायचो. त्या रात्री मात्र एका शब्दाचा फटका समोर आला. मी हवालदाराला सांगितलं होतं की नुसतं "रॉजर" घेऊ नको, प्रत्येकाकडून वेळ वदवून घे. पहिल्या दोन चौक्यांनी बरोबर सांगितलं. तिसरी म्हणाली, "ठीक है, साढ़े चार बजे निकलेंगे." निघणार! जमायचं होतं साडेचारला. अर्धा तास उशीर तिथेच झाला असता. हवालदाराने शांतपणे सांगितलं, "साढ़े चार बजे तिठे पर पहुँचना है. निकलना पौने चार." त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं. ११.४० ला चारही चौक्यांच्या नावांपुढे उत्तराची वेळ लिहून झाली. नोंदवहीत पहिला संदेश होता तसाच ठेवला, त्यावर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ आणि शेजारी दुसऱ्याचा क्रमांक.

झोप लागली नाही. कुणाला तरी जुनाच निरोप मिळाला असेल तर? म्हणून चारलाच तिठ्यावर जाऊन उभा राहिलो. साडेचारला मोजले, एकवीस. गाड्या पाचला सुटल्या. क्लार्क चहा घेऊन आला आणि काहीतरी बोलू लागला. मी म्हटलं, सही माझी होती, चहा दे.

साडेसहाच्या सुमारास वरचे सहा जण उतरून आले. त्यांत खटाव तालुक्यातला एक हवालदार होता, वडिलांच्या वर्षश्राद्धाला निघालेला. सामान गाडीत टाकून माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "साहेब, आमच्यापुरता पहिलाच मेसेज बरोबर होता की."

त्याला चहा दिला आणि गाडी सोडली.