एकच मुलगा, एकच गल्ली, चार उत्तरं

रबाळे, नवी मुंबई

प्रिय ताई,

तू खुणा करून पाठवलेली प्रश्नपत्रिका काल रात्री बसून पूर्ण पाहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. इतकी वर्षं वर्गात काढल्यावर पुन्हा परीक्षा, याचा तुला किती त्रास होतोय ते मला कळतं. बालमानसशास्त्राच्या 30 गुणांत तुझे जे प्रश्न चुकले, ते सगळे एकाच जागी अडलेत. तू प्रसंग वाचतेस आणि लगेच पर्याय निवडतेस. पण प्रसंगात दोन-तीन वेगळी वर्तनं असतात आणि प्रश्न त्यातल्या एकाचाच असतो.

आमच्या शेजारच्या दुसरीतल्या मुलाचंच उदाहरण घे. स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत त्याला भटका कुत्रा चावला. तेव्हापासून कुत्रा लांबून दिसला तरी त्याच्या छातीत धडधडतं. ही धडधड तो मुद्दाम करत नाही, ती आपोआप होते. चावण्याच्या वेदनेशी कुत्र्याचं दिसणं जोडलं गेलं, म्हणून हे पावलोव्हचं अभिजात अभिसंधान. वॉटसन आणि रेनर यांनी 1920 मध्ये लहानग्या अल्बर्टला पांढरा उंदीर दाखवताना मोठा आवाज केला, तिथेही हेच घडलं. पुढे अल्बर्ट सशालाही घाबरू लागला. आपला मुलगा शेजाऱ्यांच्या पाळीव कुत्र्यालाही घाबरतो, ते असंच सामान्यीकरण.

आता तोच मुलगा ती गल्ली सोडून लांबच्या वाटेने शाळेत जातो. तू इथेही 'अभिजात' लिहिलं असतंस, कारण कुत्रा तोच आणि भीतीही तीच. पण वाट बदलणं ही त्याने केलेली कृती आहे. ती केली की भीती ओसरते, म्हणून उद्याही तो तेच करतो. हे स्किनरचं साधक अभिसंधान, त्यातलं ऋण प्रबलन. नकोशी गोष्ट दूर झाली आणि वर्तन वाढलं. 'शिक्षा' हा पर्याय शेजारीच असतो, म्हणून विचारायचं, वर्तन वाढलं की घटलं? त्या गल्लीतून जाणं चावण्यामुळे घटलं, तिथे 'शिक्षा' बरोबर. लांबच्या वाटेने जाणं वाढलं, तिथे ऋण प्रबलन. एकाच सकाळच्या दोन बाजू आहेत, म्हणून प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित केल्याशिवाय पर्यायांकडे बघूच नकोस.

भीती आधी जोडली जाते आणि मग टाळण्याने टिकते, ही दोन टप्प्यांची मांडणी मावररने 1947 मध्ये केली. मला ती फार मोलाची वाटते, कारण भीती आपोआप का जात नाही ते तिच्यातून कळतं. मुलगा गल्लीत जातच नाही, त्यामुळे कुत्रा दिसला आणि चावला नाही असा अनुभव त्याला मिळतच नाही. विलोपनाला संधीच उरत नाही.

त्याच्या धाकट्या बहिणीला कुत्रा कधीच चावला नाही, तरी दादाला पाहून तीही कुत्र्याला बघून मागे सरते. तिच्या बाबतीत बांडुराचं निरीक्षणातून शिकणं. स्वतःला अनुभव आला की दुसऱ्याचा पाहिला, एवढंच तपासायचं.

संरक्षण यंत्रणांतही हाच मुलगा पुरेल. 'मी नाही, मित्रच घाबरतो,' असं तो मनापासून मानत असेल, तर स्वतःची भावना दुसऱ्याच्या नावावर गेली, हे प्रक्षेपण. कुत्र्यावरचा राग घरी बहिणीवर काढला, तर राग त्याचाच राहिला, फक्त लक्ष्य बदललं, हे विस्थापन. 'त्या गल्लीत चिखल असतो म्हणून जात नाही,' हे समर्थन, बरं दिसणारं कारण पुढे केलं. आधी विचार, भावना कोणाची आणि ती कोणाकडे गेली? मात्र जाणूनबुजून थाप मारणं यात बसत नाही, कारण फ्रॉइडच्या मते या यंत्रणा अबोध पातळीवर चालतात.

तुझ्या पेपरातला रडणाऱ्या बाळाच्या हाती मोबाइल देणाऱ्या आईचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. तू 'धन प्रबलन' लिहिलंस, आणि बाळाच्या रडण्यापुरतं ते बरोबरच आहे, कारण रडल्यावर हवं ते मिळालं. पण प्रश्न होता, 'आई पुन्हा पुन्हा मोबाइल का देते?' रडणं थांबतं, म्हणून. आईचं वर्तन ऋण प्रबलनाने वाढलंय.

पुढच्या संचातले असेच प्रश्न सोडवताना समासात आधी वर्तन कोणाचं ते लिही, मग पर्याय निवड, आणि मला पाठव.

तुझी,
छोटी