बायोडाटा नेमका कुठे अडतो?

माझा भाचा खोपोलीजवळच्या एका छोट्या केमिकल कारखान्यात, क्यूसी लॅबमध्ये तीन वर्षं आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री. पगार तीन वर्षांत जेमतेम हलला, म्हणून पाताळगंगा आणि तळोजा एमआयडीसीत नोकरी शोधू लागला. चार महिन्यांत त्याने नोकरी डॉट कॉमवरून चौऱ्याहत्तर ठिकाणी अर्ज केले. एकही फोन नाही. ‘तुमची निवड झाली नाही’ असं सांगणारा मेलसुद्धा नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, मगरिबनंतर, तो माझ्याकडे दहिवलीला आला. चहा तसाच ठेवून म्हणाला, “मामू, बायोडाट्यावर नुसती आद्याक्षरं टाकू का? पूर्ण नाव नको.”

काय म्हणायचंय ते मला कळलं. आपाला हे कळलं असतं तर रात्रभर झोपली नसती. त्याला मी वेड्यात काढलं नाही, कारण तो उगाच काही बोलत नव्हता. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला होता. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत होता: उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम. 66 आठवडे, 548 जाहिराती, 4808 अर्ज. मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्यात बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश निघाली, दलित नावाची सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे ही अडचण खरी आहे.

पण शिक्षकाची एक खोड असते. मुलगा नापास झाला की ‘पेपर अवघड होता’ हे ऐकून घ्यायचं आणि उत्तरपत्रिका मागवायची. मी म्हटलं, “नावामुळे नाकारलं असेल तर आधी कुणीतरी ते नाव वाचलं पाहिजे. कुणी वाचलंय का, ते बघू.”

नोकरीच्या साइटवर आपण अर्ज करतो, पण बरेचदा एचआरवालाच उलटा शोध घेतो. तो खोक्यात शब्द टाइप करतो, ठिकाण, अनुभव आणि नोटीस पीरियड निवडतो, मग यादी येते. यादीत प्रत्येक उमेदवाराच्या दोन-चार ओळी दिसतात. त्या पटल्या तर तो प्रोफाइल उघडतो, आणि प्रोफाइल पटलं तर फोन करतो. ही तीन वेगळी दारं आहेत, आणि कुठल्या दारात अडलंय ते साइटच थोडंफार सांगते. प्रोफाइलमध्ये `Search appearances` म्हणजे शोधाच्या यादीत किती वेळा आलो, आणि `Recruiter actions` म्हणजे त्यानंतर कुणी काही हालचाल केली का. भाच्याने ते आकडे कधी पाहिलेच नव्हते. आम्ही पाहिले तेव्हा त्या आठवड्यात तो यादीत चार वेळा आला होता. हालचाल शून्य.

आठवड्याला चार. म्हणजे शोधणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो दिसतच नव्हता. आद्याक्षरं टाकून यात काही फरक पडला नसता.

मी एक जुनी हजेरीवही काढली आणि दर सोमवारी आकडे टिपायला सांगितले. अट एकच: आठवड्याला एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही, फक्त प्रोफाइल उघडून एक पूर्णविराम काढून परत टाकायचा आणि सेव्ह करायचं. त्याला ही गंमत वाटली. पण एचआरवाले बहुधा अलीकडे हललेली प्रोफाइलंच आधी बघतात, त्यामुळे नुसतं सेव्ह केलं तरी आकडा थोडा चढतो. तो चढ माहीत नसला तर पुढच्या प्रत्येक बदलाला आपण फुकटचं श्रेय देत बसतो. झालंही तसंच. काहीही न बदलता चाराचे सात झाले.

मग हेडलाइन. साइटवर ही नावाशेजारी दिसणारी ओळ असते, जास्तीत जास्त अडीचशे अक्षरांची. त्याची होती ती अशी:

```
Hardworking and sincere candidate seeking
a challenging position in a reputed organization
```

मी त्याला विचारलं, “तळोज्याचा एचआरवाला शोधताना `sincere` असा शब्द टाइप करेल का?” तो हसला. ही ओळ शाळेच्या शिपायाला चालेल, बँकेच्या मॅनेजरला चालेल आणि मलाही चालेल. शोधणारा कामाचं नाव टाइप करतो, आणि ते नाव त्याच्या प्रोफाइलमध्ये कुठेच नव्हतं. कंपनीने त्याला दिलेलं पद होतं ‘ट्रेनी ऑफिसर’. तीन वर्षं क्यूसी केमिस्टचं काम करूनही `QC Chemist` शोधणाऱ्याला तो सापडणं शक्य नव्हतं. पद बदलून लिहायचं नाही, ते अनुभवपत्राशी जुळलं पाहिजे. पण हेडलाइनमध्ये आपण काय करतो ते खुशाल लिहावं.

दुसरी गंमत गावाची. त्याने ठिकाण म्हणून नुसतं ‘कर्जत’ लिहिलं होतं. आपल्याला कर्जत म्हणजे लोकलचं कर्जत. पण अहिल्यानगर जिल्ह्यातही एक कर्जत तालुका आहे, आणि मुंबईत किंवा बाहेरच्या राज्यात बसलेल्या माणसाला आपलं कोणतं ते कसं कळणार? नवी ओळ अशी झाली:

```
QC Chemist, 3 years, B.Sc. Chemistry. GC, Karl Fischer,
titration; RM and FG testing; COA. Karjat-Khopoli,
Raigad; ready for Patalganga, Taloja
```

त्या आठवड्यात सोळा वेळा यादीत आला, आणि एकाने प्रोफाइल उघडलं.

पुढचा आठवडा कीवर्ड्सचा. पाताळगंगा, तळोजा, खोपोली इथल्या क्यूसी केमिस्टच्या दहा जाहिराती काढून मी त्याला तक्ता करायला बसवलं. डावीकडे शब्द, उजवीकडे किती जाहिरातींत आला त्याच्या रेघा. टायट्रेशन, जीसी, कच्च्या मालाची आणि तयार मालाची तपासणी, सीओए, कॅलिब्रेशन हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. ही सगळी कामं तो रोज करतो, आणि त्याच्या बायोडाट्यात काय होतं? ‘टेस्टिंग ऑफ सॅम्पल्स’. एवढंच. जे शब्द संक्षिप्त आणि पूर्ण अशा दोन्ही रूपांत चालतात, ते एकदा तरी दोन्ही प्रकारे लिहायला सांगितले, कारण शोधणारा `GC` लिहील की `Gas Chromatography`, ते आपल्या हातात नाही.

सगळ्यात जास्त रेघा एचपीएलसीपुढे होत्या. तो जरा घुटमळून म्हणाला, “मशीन बघितलंय मी, टाकू का?” मी विचारलं, “चालवलंय का?” नव्हतं. मग नाही टाकायचं. मुलाखतीत कॉलम कोणता, मोबाइल फेज काय, असं विचारल्यावर दोन मिनिटांत उघडं पडतं. दहापैकी सहा जाहिरातींना तो आज लागू पडत नाही, हेही तक्त्यानेच दाखवलं. ती उणीव बायोडाट्याची नाही, शिकायची गोष्ट आहे.

त्या आठवड्यात आकडा एकतीसवर गेला. तिघांनी प्रोफाइल उघडलं. फोन मात्र नाही.

आता अडचण तिसऱ्या दारात होती, म्हणजे उघडल्यावर जे दिसतं त्यात. बायोडाट्याची पीडीएफ त्याने स्टेशनजवळच्या एका डीटीपीवाल्याकडून करून घेतली होती: दोन रकाने, रंगीत पट्टी, कौशल्यांपुढे ठिपके. दिसायला छान. मी त्याला त्यातला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करायला लावला. ज्यांनी जुन्या इनपेजमधला उर्दू पेपर दुसरीकडे चिकटवून पाहिलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. डावा रकाना आणि उजवा रकाना एकमेकांत घुसले होते, कंपनीच्या नावापुढे बारावीचे टक्के आले होते. कौशल्यांचा भाग तर आलाच नाही, कारण ते चित्र होतं. मजकूर वाचणाऱ्या यंत्राला जवळपास हेच दिसतं. अर्जासोबत चार महिने हीच फाइल जात होती. एक रकाना, साधी अक्षरं, चित्र नाही, अशी नवी फाइल वर्डमध्ये अर्ध्या तासात झाली.

राहिला वरचा भाग. बायोडाट्याची जुनी प्रिंट मी शाळेत नेली. वरचा तिसरा हिस्सा दिसेल अशी घडी घातली आणि स्टाफरूममध्ये भाच्याला न ओळखणाऱ्या एका सहकाऱ्यापुढे दहा सेकंद धरून काढून घेतली. विचारलं, “मुलगा काय काम करतो?” ते म्हणाले, “काम नाही कळलं. अविवाहित आहे. वडिलांचं नाव वाचलं. स्थळ बघताय का?”

स्टाफरूम हसली, पण ते बरोबरच बोलले होते. वर वडिलांचं नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, धर्म, वैवाहिक स्थिती, मग चार ओळींचं ऑब्जेक्टिव्ह. नोकरी सुरू होत होती ती पानाच्या मध्यावर. लग्नाच्या बायोडाट्याचा साचा आपल्याकडे नोकरीलाही तसाच वापरतात. धर्माचा रकाना जाहिरातीत कुणीही मागितला नव्हता. तो आम्ही काढला, बाकीच्या घरगुती ओळींसोबत. नाव पूर्ण ठेवलं. वर आता नाव, फोन, मेल, गाव-जिल्हा, मग तीन ओळी: कोणतं काम, किती वर्षं, कोणती उपकरणं स्वतः चालवतो आणि नोटीस पीरियड किती दिवसांचा. लगेच खाली सध्याची नोकरी. हीच घडी दुसऱ्या एका मॅडमना दाखवली. “लॅबमध्ये केमिस्ट आहे, तीन वर्षं, खोपोलीकडचा,” त्या म्हणाल्या. मला एवढंच हवं होतं.

दोन आठवड्यांनी पहिला फोन आला, तळोज्याच्या एका कन्सल्टंटचा. दुसरा पाताळगंगेचा, त्यांनी मुलाखतीला बोलावलं. ही मुलाखत येत्या गुरुवारी आहे.

नावाचं काय, हे त्याने मला परत विचारलं. मी खरं ते सांगितलं. पहिल्या चौऱ्याहत्तर अर्जांबद्दल आपण काही म्हणू शकत नाही, कारण ज्या फाइलमधून काम कळतच नव्हतं तिला उत्तर न येण्याला नावाशिवायही कारण पुरेसं होतं. आताच्या अर्जांबद्दल प्रश्न विचारता येतो, पण आपल्या वहीतून त्याचं उत्तर निघणार नाही. थोरातांना त्यासाठी हजारो अर्ज लागले, दर जाहिरातीला सारख्याच पात्रतेचे. एकट्या मुलाच्या दहा-वीस ओळींत नाव, पगाराची अपेक्षा, एचपीएलसी आणि नशीब सगळं एकत्र मिसळलेलं असतं.

तरी हजेरीवहीत आम्ही एक नवा रकाना आखलाय: ‘उघडला, पण फोन नाही’. त्यात आज सात ओळी आहेत. प्रत्येकीपुढे तो जाहिरातीत एचपीएलसी मागितलं होतं की नाही ते लिहितो. पाच ठिकाणी ‘हो’ आहे. उरलेल्या दोन ओळींपुढे त्याने अजून काही लिहिलेलं नाही.